दहा पेढे, चार मुले आणि तीन काड्या

आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि ताटात दहा पेढे उरले. भोवती चार मुले उभी आहेत. त्यांना आपण घरातल्याच नावांनी ओळखू : ताई, दादा, छकुली आणि बाळ. हे दहा पेढे या चौघांत किती वेगवेगळ्या तऱ्हांनी वाटता येतील?

प्रश्न साधा वाटतो, पण आधी तो नेमका करून घ्यायला हवा, कारण पुढचे सगळे गणित त्यावर उभे आहे. दहाही पेढे एकाच घाण्यातले आहेत, एकसारखे आहेत. ताईला कोणता पेढा मिळाला याला महत्त्व नाही, किती मिळाले एवढेच बघायचे. मुले मात्र वेगवेगळी आहेत. ताईला सात आणि बाळाला तीन ही एक वाटणी, बाळाला सात आणि ताईला तीन ही दुसरी. पेढा मोडून अर्धा करायचा नाही, ताटात एकही शिल्लक ठेवायचा नाही. एखाद्याला एकही मिळाला नाही तरी ती वाटणीच धरायची. वाटणी न्याय्य आहे का, हा प्रश्न आत्ता बाजूला ठेवू. आत्ता फक्त मोजायचे आहे.

बहुतेक जण इथे अंदाज करतात : चाळीस, पन्नास, फार तर शंभर. खरे उत्तर २८६ आहे.

ते कसे येते हे बघण्याआधी प्रश्न लहान करून हाताने मोजून पाहू. समजा पेढे पाचच आहेत आणि मुले तीन : ताई, दादा, छकुली. ताईने पाचही घेतले तर बाकीच्यांना काही उरत नाही, म्हणजे एकच तऱ्हा. ताईने चार घेतले तर उरलेला एक दादाला किंवा छकुलीला, म्हणजे दोन. ताईने तीन घेतले तर उरलेले दोन पेढे दोघांत तीन तऱ्हांनी जातात : दोन-शून्य, एक-एक, शून्य-दोन. असेच पुढे चार, पाच, आणि ताईला एकही नसेल तेव्हा सहा. बेरीज १ + २ + ३ + ४ + ५ + ६ = २१.

या पद्धतीत चूक काहीच नाही. फक्त मुले वाढली की ती लांबत जाते. चौथे मूल आले की ताईच्या प्रत्येक शक्यतेसाठी उरलेल्या तिघांची अशी एकेक बेरीज करावी लागते आणि मग त्या सगळ्यांची पुन्हा बेरीज. दहा पेढे आणि चार मुलांसाठी ती १ + ३ + ६ + १० + १५ + २१ + २८ + ३६ + ४५ + ५५ + ६६ अशी येते. अकरा आकडे, आणि त्यातला प्रत्येक आकडा स्वतः एक बेरीज. पाच मुले असती तर कागद पुरला नसता. म्हणून दुसरी वाट.

दहाही पेढे एका ओळीत मांडा. आता काडेपेटीतल्या तीन काड्या घ्या आणि ओळीत कुठेही उभ्या ठेवा. पहिल्या काडीच्या डावीकडचे पेढे ताईचे. पहिल्या आणि दुसऱ्या काडीमधले दादाचे. दुसऱ्या आणि तिसऱ्या काडीमधले छकुलीचे. तिसऱ्या काडीच्या उजवीकडे जे राहिले ते बाळाचे. उदाहरणार्थ,

● ● ● | ● | ● ● ● ● | ● ●

ही ओळ सांगते की ताईला तीन, दादाला एक, छकुलीला चार, बाळाला दोन. मधल्या एखाद्याला काहीच द्यायचे नसेल तर दोन काड्या शेजारी-शेजारी येतात :

● ● ● ● ● | | ● ● | ● ● ●

इथे पहिल्या आणि दुसऱ्या काडीमध्ये काही नाही, म्हणून दादाचे हात रिकामे. ताईला पाच, छकुलीला दोन, बाळाला तीन. आणि तिन्ही काड्या सुरुवातीलाच ठेवल्या तर दहाच्या दहा पेढे बाळाचे.

चार मुलांना काड्या तीनच लागतात. या रीतीत पहिल्यांदा चुकण्याची जागा हीच. मुलांइतक्या काड्या घेण्याकडे हात आपोआप जातो. पण शेताचे चार वाटे करायला तीनच बांध घालावे लागतात. चौथी काडी घातलीत तर तिच्यापलीकडे पाचवा वाटा तयार होतो, आणि तो घ्यायला मूलच नाही.

आता खरी गोष्ट. प्रत्येक वाटणीची एक आणि एकच ओळ आहे, आणि प्रत्येक ओळीची एक आणि एकच वाटणी. कोणतीही वाटणी सांगा, तिची ओळ मांडता येते. कोणतीही ओळ दाखवा, तिची वाटणी वाचता येते. म्हणून वाटण्या मोजायच्या सोडून आपण ओळी मोजल्या तरी आकडा तोच येणार. आणि ओळी मोजणे फार सोपे आहे, कारण ओळीत दहा पेढे आणि तीन काड्या मिळून तेरा जागा आहेत. त्या तेरांपैकी कोणत्या तीन जागी काड्या येणार एवढेच ठरवायचे. उरलेल्या दहा जागी पेढे आपोआप बसतात.

पहिली काडी तेरा जागांपैकी कुठेही ठेवता येते, दुसरी उरलेल्या बारांपैकी, तिसरी उरलेल्या अकरांपैकी. गुणाकार १३ × १२ × ११ = १७१६. पण काड्याही एकसारख्याच आहेत. दुसऱ्या, पाचव्या आणि नवव्या जागी तीन काड्या आहेत, त्यातली कोणती आधी ठेवली याने ओळ बदलत नाही. तीन काड्या त्याच तीन जागी ठेवण्याचे क्रम सहा (३ × २ × १), म्हणजे प्रत्येक ओळ आपण सहा वेळा मोजली. १७१६ भागिले ६ बरोबर २८६. अकरा आकड्यांची ती लांबलचक बेरीज करून पाहा, तीही २८६ येते. पाच पेढे आणि तीन मुलांना पाच पेढे अधिक दोन काड्या म्हणजे सात जागा. त्यातल्या दोन निवडायच्या : ७ × ६ भागिले २, म्हणजे २१. हाताने मोजलेले तेच.

इंग्रजीत या रीतीला ‘स्टार्स अँड बार्स’ म्हणतात, तारे आणि दांड्या. विल्यम फेलर यांच्या १९५० सालच्या संभाव्यतेवरच्या पुस्तकात ताऱ्यांची आणि दांड्यांची अशीच चित्रे आहेत. आपल्याला पेढे आणि काड्या पुरेत.

इथे एक चूक मुद्दाम करून पाहण्यासारखी आहे, कारण हुशार विद्यार्थीही ती करतात. ते असा विचार करतात : दहा पेढ्यांच्या मध्ये नऊ फटी, दोन टोकांना दोन मोकळ्या जागा, एकूण अकरा. प्रत्येक काडी या अकरांपैकी कुठेही जाऊ शकते, आणि दोन काड्या एकाच फटीतही चालतात. म्हणून ११ × ११ × ११ = १३३१. काड्या सारख्या, म्हणून सहाने भागू. उत्तर येते २२१ आणि वर काहीतरी अपूर्णांक. वाटण्यांची संख्या अपूर्णांकात येऊच शकत नाही, म्हणजे कुठेतरी चुकले हे उत्तरच ओरडून सांगते. चुकले ते भागाकारात. तीन काड्या तीन वेगळ्या फटींत असतील तरच ती मांडणी सहा वेळा मोजली जाते. तिन्ही एकाच फटीत असतील तर ती एकदाच मोजलेली असते, आणि तिलाही सहाने भागणे चूक आहे.

मग कोणी म्हणतो, ठीक, अकरांपैकी तीन वेगवेगळ्या जागा निवडू. तेव्हा ११ × १० × ९ भागिले ६, म्हणजे १६५ येतात. पूर्णांक आला, म्हणून ही चूक जास्त फसवी. काड्या शेजारी आणायच्याच नाहीत असे ठरवल्यामुळे मधल्या दोघांना, म्हणजे दादाला आणि छकुलीला, प्रत्येकी निदान एक पेढा मिळणे यात सक्तीचे झाले. ताई आणि बाळ मात्र टोकांना असल्याने उपाशी राहू शकतात. अशा अटीचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. तेरा जागांची युक्ती यासाठीच उपयोगी आहे. तिच्यात काड्यांनाही स्वतःची जागा मिळते आणि शेजारी-शेजारी बसायला त्यांना कोणी अडवत नाही.

आता घरातल्या नियमाकडे येऊ. कोणी रिकाम्या हाताने जायचे नाही, प्रत्येकाला निदान एक. या अटीत फटींचा विचार अगदी चपखल बसतो. दहा पेढ्यांच्या मधल्या नऊ फटी, टोकांना काडी नाही, आणि एका फटीत एकच काडी. नवांपैकी तीन फटी निवडा : ९ × ८ × ७ भागिले ६, म्हणजे ८४. दुसऱ्या रीतीने पडताळा घ्या. आधी चौघांच्या हातावर एकेक पेढा ठेवा. उरले सहा. ते कसेही वाटा. सहा पेढे अधिक तीन काड्या म्हणजे नऊ जागा, त्यातल्या तीन काड्यांच्या. पुन्हा ८४. सगळ्यात थोरल्या ताईला निदान तीन हवेत अशी अट असेल तर आधी तिला तीन देऊन टाका आणि उरलेले मोजा. ‘निदान इतके’ या प्रकारची कोणतीही अट अशीच आधी देऊन फेडता येते.

हा ‘प्रत्येकाला निदान एक’ असलेला प्रश्न मराठी मुलखाला फार जवळचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या ‘लीलावती’च्या शेवटी अंकपाश नावाचे प्रकरण आहे. त्यात असा एक प्रश्न येतो : पाच अंकी संख्या, अंकांची बेरीज तेरा, तर अशा संख्या किती? शून्य वापरायचे नाही. नियम असा आहे की बेरजेतून एक वजा करा, तिथून एकेक कमी करत स्थानांपेक्षा एकने कमी इतके आकडे घ्या, त्यांना क्रमाने एक, दोन, तीन, चार यांनी भागा आणि सगळ्यांचा गुणाकार करा. तेरातून एक गेला, बारा. बारा, अकरा, दहा, नऊ. गुणाकार ११८८०, भागिले २४, उत्तर ४९५.

हा नियम आपल्या काड्यांनी वाचा. तेरा पेढे ओळीत मांडलेत. त्यांच्यात बारा फटी. पाच स्थाने म्हणजे पाच मुले, त्यांना चार काड्या. बारा फटींपैकी चार निवडायच्या. प्रत्येक स्थानाला निदान एक, कारण शून्य नाही. एकूणएक पायरी जुळते. नियमात बेरजेतून एक का वजा करायचा, तर फटी पेढ्यांपेक्षा एकने कमी असतात. स्थानांतून एक का वजा करायचा, तर काड्या मुलांपेक्षा एकने कमी असतात.

भास्कराचार्यांची खरी नजर मला त्यांनी घातलेल्या मर्यादेत दिसते. हा नियम केव्हा लावायचा, तर अंकांची बेरीज स्थानांच्या संख्येत नऊ मिळवून येणाऱ्या आकड्यापेक्षा लहान असेल तेव्हाच. पाच स्थानांसाठी बेरीज चौदापेक्षा कमी हवी. का? चार स्थानांना एकेक दिल्यावर तेरातले नऊ उरतात, ते सगळे पाचव्या स्थानाला दिले तरी तिथे नऊच येतात, आणि नऊ हा अंक आहे. बेरीज चौदा झाली की एखाद्या स्थानी दहा येऊ शकतात, आणि दहा हा काही अंक नव्हे. काड्यांना हे कळत नाही. त्या मुकाट्याने दहा पेढे एका स्थानी जाऊ देतील. चौदा बेरजेला काड्या ७१५ मांडण्या दाखवतील, पण त्यातल्या पाच मांडण्यांत कुठल्यातरी एका स्थानी दहा आहेत. त्या काढल्या की उरतात ७१०. आपली रीत कुठपर्यंत चालते आणि कुठे थांबते हे नियमाबरोबरच सांगून ठेवणे, हे मोठ्या गणितीचे लक्षण आहे. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने तिथे मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी वाकडी वाट करून तो जरूर पाहावा.

वरची मर्यादा आली की काय करायचे हा पेढ्यांच्या बाबतीतही खरा कठीण भाग आहे. समजा आईने बजावले, पोट बिघडेल, कोणालाही चारपेक्षा जास्त द्यायचे नाहीत. एकही न मिळालेला चालेल. आता किती तऱ्हा?

सरळ मोजता येत नाही, म्हणून नियम मोडणाऱ्या वाटण्या मोजून वजा करू. ताईने नियम मोडला, म्हणजे तिच्याकडे निदान पाच गेले. ते पाच तिला आधीच देऊन टाका. उरलेले पाच पेढे चौघांत कसेही जाऊ द्या, ताईलाही आणखी जाऊ द्या. पाच पेढे, तीन काड्या, आठ जागा : ८ × ७ × ६ भागिले ६, म्हणजे ५६. नियम मोडणारा चौघांपैकी कोणीही असू शकतो, म्हणून ५६ × ४ = २२४. २८६ मधून २२४ वजा केले तर उरतात ६२.

पण ६२ हे उत्तर नाही. ताईला पाच आणि दादाला पाच ही वाटणी बघा. ताईने नियम मोडला म्हणून ती एकदा वजा झाली, दादाने मोडला म्हणून आणखी एकदा. एकाच गुन्ह्याची दोनदा शिक्षा. अशा जोड्या सहा आहेत : ताई-दादा, ताई-छकुली, ताई-बाळ, दादा-छकुली, दादा-बाळ, छकुली-बाळ. प्रत्येक जोडीत पाच आणि पाच अशी एकच वाटणी. तिघांनी एकदम नियम मोडायला पंधरा पेढे लागतील, तेवढे नाहीतच. म्हणून ज्या सहा वाटण्या जास्तीच्या वजा झाल्या त्या परत मिळवा. ६२ + ६ = ६८.

या ६८ चा पडताळा घेण्याची एक सुरेख वाट आहे. प्रत्येक मुलाला चार पेढ्यांची वाटी द्या. चार वाट्यांत मिळून सोळा जागा. दहा पेढे आले की सहा जागा रिकाम्या राहणार. पेढे मोजायचे सोडून रिकाम्या जागा मोजा. सहा रिकाम्या जागा चार वाट्यांत, एका वाटीत जास्तीत जास्त चार. अट नसती तर ८४. एखाद्या वाटीत पाच किंवा सहा रिकाम्या जागा धरल्या असतील तर त्या वजा करायच्या : पाच आधी दिल्या की एक उरते, ती चार तऱ्हांनी जाते, आणि वाट्या चार, म्हणजे १६. दोन वाट्यांत पाच-पाच रिकाम्या जागा येणे शक्यच नाही, म्हणून परत मिळवायचे काही नाही. ८४ मधून १६ गेले, ६८. दोन वेगळ्या दारांनी आत जाऊन एकाच खोलीत पोहोचलो की मनाला स्वस्थता येते. मोजणीच्या गणितात अशी दोन दारे शोधण्याची सवय लावून घ्यावी असे मला मनापासून वाटते, कारण इथे चूक गुपचूप होते.

ही रीत कुठे लावायची नाही तेही बघायला हवे. ताटात दहाही पेढे नसून सहा पेढे आणि चार बर्फ्या असतील तर सगळे मिळून दहा धरून काड्या ठेवणे चूक आहे. बर्फी आवडणाऱ्या मुलाला विचारा, एक पेढा आणि एक बर्फी सारखी आहे का. पेढे वेगळे वाटा (नऊ जागांत तीन काड्या, ८४ तऱ्हा), बर्फ्या वेगळ्या वाटा (सात जागांत तीन काड्या, ३५ तऱ्हा) आणि गुणाकार करा. २९४० येतात. उलट, मुले समोर नाहीत आणि चार एकसारख्या पुड्या बांधून ठेवायच्या आहेत, कोणती कोणाला जाईल ते ठरलेले नाही, तर ताई आणि बाळ हा भेदच मिटतो. तेव्हा तीन-तीन-दोन-दोन ही एकच गोष्ट, मग ती कोणत्याही क्रमाने लिहा. रिकाम्या पुड्या धरूनही अशा तऱ्हा फक्त २३ होतात. आणि त्या काड्यांनी मिळत नाहीत, कारण काड्यांच्या ओळीत डावे-उजवे असते आणि पुड्यांत नसते. २८६ ला २४ ने भागून हे उत्तर काढायला जाऊ नका. भागच जात नाही.

सगळ्यात मोठा घोटाळा मात्र ‘किती तऱ्हा’ आणि ‘किती शक्यता’ यांत होतो. प्रत्येकाला निदान एक मिळेल अशा वाटण्या ८४, एकूण २८६. म्हणून ‘नशिबाने पेढे वाटले तर सगळ्यांना पेढा मिळण्याची शक्यता २८६ त ८४, म्हणजे शंभरात साधारण २९’ असे कोणी म्हणाले तर ते खरे वाटते. करून पाहा. चार चिठ्ठ्यांवर चार नावे लिहा. प्रत्येक पेढ्यासाठी एक चिठ्ठी काढा, ज्याचे नाव त्याला पेढा, चिठ्ठी परत डब्यात. असे दहा वेळा. या खेळात सगळ्यांना निदान एक पेढा शंभरात साधारण ७८ वेळा मिळतो. २९ आणि ७८ यांत काही नाते नाही.

कारण असे की चिठ्ठ्यांच्या खेळात २८६ वाटण्यांना समान संधी नसते. दहा वेळा चिठ्ठी काढण्याचे क्रम चारचा दहावा घात, म्हणजे १०,४८,५७६ आहेत. दहाही पेढे बाळाला मिळायला दहाही वेळा त्याचीच चिठ्ठी यावी लागते, असा क्रम एकच. पण ताईला तीन, दादाला तीन, छकुलीला दोन, बाळाला दोन ही वाटणी २५,२०० वेगवेगळ्या क्रमांनी घडते. काड्यांच्या मोजणीत दोन्ही वाटण्यांची किंमत एकच. चिठ्ठ्यांना ते मान्य नाही. पेढे दिसायला सारखे असले तरी पहिला पेढा आणि दुसरा पेढा हे वेगवेगळ्या वेळी वाटले गेलेत, आणि नशीब तो फरक मोजते.

मग निसर्गात कुठे काड्यांसारखी समान मोजणी होते का? होते, आणि ही गोष्ट भौतिकशास्त्राच्या इतिहासातली मोठी आहे. १९०० साली माक्स प्लांक यांनी उष्ण वस्तूच्या प्रकाशाचा नियम मांडताना ऊर्जेचे एकसारखे कण अनेक कंपकांत किती तऱ्हांनी वाटता येतील हे मोजले. कण म्हणजे पेढे, कंपक म्हणजे मुले. १९१४ साली पॉल एरनफेस्ट आणि हाइका कामरलिंग ओनेस यांनी प्लांक यांच्या त्या सूत्राची सोपी सिद्धता दिली, ती आपल्यासारखीच एक ओळ मांडून. सात कण, चार कंपक, मध्ये तीन खुणा. दहा जागांत तीन खुणा, म्हणजे १२० तऱ्हा. पुढे १९२४ साली ढाक्यात शिकवणाऱ्या सत्येंद्रनाथ बोस यांनी प्रकाशकण खरोखर एकमेकांपासून ओळखू न येणारे आहेत असे धरून प्लांक यांचा नियम नव्याने काढला आणि तो लेख आइन्स्टाइन यांना पाठवला. दोन पेढे आणि दोन मुले घ्या. चिठ्ठ्यांच्या खेळात एक-एक ही वाटणी निम्म्या वेळा येते. बोस यांच्या कणांत दोन-शून्य, एक-एक आणि शून्य-दोन या तिघींना सारखीच संधी, प्रत्येकी एक तृतीयांश. पेढ्यांना पहिला-दुसरा असतो. प्रकाशकणांना तो नसतो.

घरच्या घरी २८६ वाटण्यांना समान संधी देणारा एक खेळ आहे, आणि त्याची सामग्री पत्त्यांच्या कॅटमध्ये तयार असते. एका रंगाची तेरा पाने वेगळी काढा. एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने म्हणजे पेढे. गुलाम, राणी आणि राजा या तीन काड्या. तेराही पाने नीट पिसा आणि ओळीत मांडा. पहिल्या चित्राच्या आधी जितकी पाने तितके ताईचे पेढे, मग दादाचे, मग छकुलीचे, शेवटच्या चित्रानंतरचे बाळाचे. शंभर वेळा मांडून किती वेळा चौघांनाही पेढा मिळाला याची वहीत नोंद करा. तो आकडा २९ च्या आसपास येईल. मग त्याच मुलांना बसवून चिठ्ठ्यांचा खेळ शंभर वेळा खेळा आणि दोन्ही आकडे शेजारी लिहा.